फोटोतलं पोस्टर अरबीत नेताना: एका नंबराची, एका पत्त्याची आणि एका क्यूआर कोडची गोष्ट

## पार्श्वभूमी

डोळ्यांची मोफत तपासणी करणाऱ्या एका संस्थेचं हे काम. त्यांचं इंग्रजी पोस्टर बरेच दिवस भिंतींवर होतं. तपासणीला येणाऱ्यांमध्ये अरबी बोलणारी कुटुंबं वाढू लागली, तेव्हा तेच पोस्टर अरबीत हवं असं ठरलं. मूळ डिझाइनची फाइल मात्र कुणाकडेच नव्हती. ज्याने ती केली होती तो काम सोडून गेला होता, आणि त्याच्या जुन्या कॉम्प्युटरचं काय झालं हे कुणाला आठवत नव्हतं. शेवटी संस्थेच्या समन्वयक बाईंनी काचेमागे लावलेल्या पोस्टरचा मोबाइलवर फोटो काढला आणि तोच मला पाठवून दिला.

अनुवाद करणार होती एक अनुवादिका, अरबी तिची मातृभाषा. मांडणी आणि शेवटची तपासणी माझ्याकडे. मला अरबी येते ती अक्षरं लावून वाचण्यापुरती, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

पोस्टरवर मजकूर अगदी थोडा होता:

```
Book your free eye check
Scan to book
Call +1 202 555 0147
Text EYES to (पाच आकडी नंबर)
example.org/eye-
day
```

खरा नंबर आणि खरा पत्ता मी इथे बदलले आहेत. 555-0100 ते 555-0199 हे नंबर काल्पनिक वापरासाठी राखून ठेवलेले असतात, आणि `example.org` हा पत्ता उदाहरणांसाठीच असतो. आकड्यांची फोड आणि ओळी तुटण्याची जागा मात्र मुळाबरहुकूम आहे, कारण सगळा घोळ तिथेच झाला.

## अडचण

पहिल्या नजरेत हे तासाभराचं काम वाटतं. अनुवाद करायच्या ओळी पाच, त्यातल्या दोनांत मुख्य ऐवज म्हणजे नंबर आणि पत्ता, आणि ते तर जसेच्या तसे ठेवायचे. अनुवादिकेने पहिला मसुदा खरंच अर्ध्या तासात पाठवला.

पण फोटो नीट मोठा करून पाहिला तेव्हा तीन गोष्टी खटकल्या. काचेवर दिव्याची तिरीप पडली होती आणि ती नेमकी फोन नंबरच्या शेवटच्या आकड्यावर होती. तो 7 आहे की 1, हे कळत नव्हतं. पत्ता दोन ओळींत तुटलेला होता आणि पहिल्या ओळीच्या टोकाला एक छोटी आडवी रेघ होती. ती पत्त्याचा भाग की शब्द तोडल्याची खूण? आणि क्यूआर कोड जरा तिरका, एका कोपऱ्यात पुसट. त्यात काय लिहिलंय हे डोळ्यांना कुठून कळणार!

म्हणजे अनुवादाआधी मूळ मजकूर काय आहे हेच ठरवायचं होतं. सामान्य वाक्यात एखादं अक्षर पुसट असलं तरी संदर्भावरून ओळखता येतं. नंबर आणि पत्ता यांना संदर्भ नसतो. कार्डाच्या नंबरात शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून हिशेबाने काढलेला असतो, त्यामुळे चूक पकडली जाते. फोन नंबरात तशी सोय नाही. चुकलेला नंबरही नंबरच असतो, फक्त तो दुसऱ्या कुणाच्या तरी घरी वाजतो.

## फोटोतून काय काय खात्रीने मिळालं

मी आधी समन्वयक बाईंना तोच फोटो मेसेजमधल्या फोटोसारखा न पाठवता फाइल म्हणून पुन्हा पाठवायला सांगितलं. मेसेजिंग अ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि क्यूआर कोडच्या बारीक चौकोनांच्या कडा त्यात विरघळतात. फाइल आल्यावर कोड लगेच वाचता आला. मी तो फोन रोखून थेट उघडला नाही, आधी आत काय आहे ते नुसतं वाचलं:

```
$ zbarimg --raw -q poster.jpg
https://example.org/eyeday?src=wall
```

उघडण्याआधी वाचण्याची सवय मी सोडत नाही. भिंतीवरच्या पोस्टरवर कुणी दुसऱ्याच कोडचा स्टिकर चिकटवलेला असू शकतो, आणि फोटोत तो मूळ छपाईसारखाच दिसतो. इथे कोडाच्या कडेला कागदाची दुसरी कड दिसत नव्हती आणि आतला पत्ता संस्थेचाच निघाला.

याच ओळीने आडव्या रेघेचाही निकाल लावला. कोडात `eyeday` आहे, मध्ये रेघ नाही. म्हणजे छापताना शब्द ओळीत मावला नाही आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरने आपणहून रेघ टाकून तो तोडला. खात्रीसाठी दोन्ही पत्ते उघडून पाहिले. रेघेचा पत्ता 'पान सापडलं नाही' म्हणाला. थोडक्यात, मूळ इंग्रजी पोस्टरवरून पत्ता हाताने टाइप करणाऱ्या काही लोकांना तो इतके दिवस चुकीचाच मिळत असणार. हे समन्वयक बाईंना कळवलं तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "अहो, म्हणून वेबसाइट चालत नाही असं लोक सांगायचे तर!"

फोटोत खात्रीने वाचता येण्यासारखी गोष्ट एकच असते, ती म्हणजे क्यूआर कोड. त्यात चुका दुरुस्त करण्याची सोय आतच असते. मधल्या पातळीच्या दुरुस्तीत साधारण १५ टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. वाचता आला तर अचूकच, नाहीतर वाचताच येत नाही. छापील अक्षरांचं तसं नसतं. ती अर्धवट दिसतात आणि आपण उरलेलं मनाने भरतो.

फोन नंबरच्या बाबतीत कोड गप्प होता. संस्थेच्या वेबसाइटवर शेवट 0147 असा दिसला, तरी मी समन्वयक बाईंकडून तो लेखी मागवून घेतला आणि स्वतः लावून पाहिला. वेबसाइटवरचा नंबर पोस्टरवरच्या नंबरपेक्षा जुना किंवा वेगळा असणं अगदी नेहमीचं आहे.

## समोर असलेले पर्याय

### क्रियापद कुणाला उद्देशून?

मराठीत 'स्कॅन करा' म्हटलं की बाई, पुरुष, म्हातारं-कोतारं सगळे आले. अरबीत आज्ञार्थी क्रियापद बोलावतानाच ठरवतं की समोर कोण आहे. एका पुरुषाला एक रूप, एका स्त्रीला दुसरं, अनेकांना तिसरं. अनुवादिकेच्या पहिल्या मसुद्यात एकवचनी पुल्लिंगी रूप होतं, 'इह्जिझ', म्हणजे 'तू बुक कर'. अरबी जाहिरातींत हे सर्रास चालतं आणि ते चुकीचं मानलं जात नाही. पण डोळे तपासायला मुलांना घेऊन येणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या, हे समन्वयक बाईंनी आधीच सांगितलं होतं.

पर्याय दोन. एक, क्रियापदाऐवजी 'बुकिंगसाठी' असं नाम वापरायचं, अरबीत 'लिल-हज्झ'. त्यात लिंगाचा प्रश्न उरत नाही, पण ओळ सरकारी सूचनेसारखी कोरडी होते. दोन, अनेकवचनी आज्ञार्थ, 'इह्जिझू'. तो सगळ्यांना लागू होतो आणि बोलावणंही टिकतं. आम्ही ठळक ओळींना अनेकवचन घेतलं आणि नंबराशेजारच्या छोट्या ओळीला नाम.

### 'स्कॅन करा' म्हणजे पुसा?

मसुद्यात 'Scan to book' या ओळीचं अरबी दोन शब्दांत होतं:

```
امسح للحجز
```

'इम्सह लिल-हज्झ'. स्कॅन करण्याला अरबीत जे क्रियापद रुळलंय त्याचा मूळ अर्थ पुसणं. फळा पुसणं, टेबल पुसणं, फोनमधलं काही डिलीट करणं, सगळ्याला तेच. शेजारी क्यूआर कोड असल्यावर तरुण माणूस बरोबर समजतो. पण डोळ्यांच्या तपासणीला येणारे बरेच लोक साठीच्या पुढचे. त्यांना 'बुकिंगसाठी पुसा' असं वाचून काय वाटेल? अनुवादिकेला विचारलं तर ती हसली. म्हणाली, "माझ्या आईने चष्मा पुसला असता!"

यावर उपाय सोपा होता. क्रियापदाला कर्म द्यायचं आणि 'प्रकाशाने' या अर्थाचा शब्द, 'दौइयन', जोडायचा. मग पुसण्याचा अर्थ उरत नाही. काय वापरून स्कॅन करायचं हेही लिहिलं की काम पूर्ण होतं:

```
امسحوا الرمز ضوئيًا بكاميرا الهاتف
```

म्हणजे 'फोनच्या कॅमेऱ्याने हा कोड स्कॅन करा'. दोन शब्दांची ओळ पाच शब्दांची झाली आणि मांडणीत तेवढी जागा काढावी लागली. इंग्रजीतली आटोपशीर ओळ अरबीत तितकीच आटोपशीर ठेवण्याचा हट्ट इथे नडला असता.

### कोणते आकडे?

अरबी छपाईत आकड्यांच्या दोन तऱ्हा चालतात. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया या पश्चिमेकडच्या देशांत 0-9 हेच आकडे. इजिप्त, इराक आणि आसपासच्या देशांत `٠١٢٣٤٥٦٧٨٩` हे आकडेही नेहमीचे. मसुद्यात मेसेजचा पाच आकडी नंबर दुसऱ्या तऱ्हेत होता आणि फोन नंबर पहिल्या. दोन्ही एकाच पोस्टरवर नको, एवढं तर नक्की होतं.

मराठी माणसाला यातली गंमत पटकन दिसेल. तो `٥` म्हणजे पाच, पण दिसतो हुबेहूब आपल्या शून्यासारखा, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. ज्याला ते आकडे येत नाहीत असा स्वयंसेवक नंबर वाचून दाखवायला गेला की 555 चं 000 होतं. उलट, 0-9 हे आकडे सगळ्याच अरबी वाचकांना फोनच्या बटणांमुळे ओळखीचे असतात. शिवाय वेबपानावर नंबर दाबून फोन लागावा म्हणून जी `tel:` लिंक देतात तिच्यात 0-9 हेच आकडे चालतात. इथले वाचक वेगवेगळ्या देशांतून आलेले होते. आम्ही सगळीकडे 0-9 ठेवले. वाचक एकाच देशातले असते आणि तिथे दुसरी तऱ्हा रुळलेली असती, तर मी कदाचित वेगळा निर्णय घेतला असता.

### EYES या शब्दाचं काय?

मसुद्यात मेसेजचा शब्दही अनुवादित होऊन आला होता, 'उयून', म्हणजे डोळे. अनुवाद म्हणून अचूक, पण मेसेज स्वीकारणारी यंत्रणा `EYES` हीच चार अक्षरं ओळखते. दुसरं काही पाठवलं तर ती इंग्रजीत 'समजलं नाही' असं उत्तर देते. तेव्हा शब्द मुळातलाच ठेवायचा हे उघड होतं. खरा प्रश्न त्यापुढचा. बरोबर शब्द पाठवला तरी पुढचे सगळे मेसेज इंग्रजीतच येणार होते. अरबी शब्द आणि अरबी उत्तरं भरता येतील का, असं मी विचारलं. ती यंत्रणा दुसऱ्या संस्थेबरोबर वाटून घेतलेली होती आणि त्यात लगेच बदल होणं शक्य नव्हतं. आम्ही ती ओळ अरबी पोस्टरवरून काढूनच टाकली. अनुवादिकेला हे सुरुवातीला पटलं नाही. मुळात आहे ते गाळायचं नाही, अशी तिची शिस्त. पण अरबीत बोलवायचं आणि दार उघडल्यावर इंग्रजीत बोलायचं, यापेक्षा ते दार न दाखवलेलं बरं असं माझं मत होतं, आणि समन्वयक बाईंनी शेवटी तेच धरलं.

हाच प्रश्न फोनलाही विचारला. फोन उचलणारा इंग्रजी बोलतो, पण 'Arabic' एवढा एक शब्द म्हटला की दुभाषा जोडून देतो. मग नंबरखाली एक छोटी ओळ वाढवली, 'फोन उचलल्यावर Arabic हा शब्द म्हणा', आणि तो शब्द इंग्रजी अक्षरांबरोबर अरबी अक्षरांत उच्चारासकट दिला. मूळ पोस्टरवर नसलेली ओळ वाढवली, हो. तिच्यावाचून फोनची ओळ अर्धवट राहिली असती.

### क्यूआर कोड तोच की नवा?

फोटोतला कोड कापून चिकटवणं हा पर्याय पहिल्याच मिनिटाला बाद केला. तिरका, पुसट कोड छपाईत आणखी खराब होतो. तोच पत्ता घालून नवा कोड बनवता आला असता, पण ते पान इंग्रजी. संस्थेने बुकिंगच्या पानाची अरबी प्रत करायची तयारी दाखवली, तेव्हा नव्या कोडाला अर्थ आला.

वेबसाइट सांभाळणाऱ्याला पत्ताही अरबी अक्षरांत हवा होता. दिसायला छान. पण कोडात जाताना एकेका अरबी अक्षराची `%D9%81` अशी सहा चिन्हं होतात. 'डोळे तपासणी' या अर्थाचे दोन अरबी शब्द जोडले तर नुसता पत्ताच ७५ चिन्हांचा होत होता. मधल्या पातळीच्या दुरुस्तीसह त्याला ३७ बाय ३७ चौकोनांचा कोड लागतो. त्याऐवजी हा पत्ता घेतला:

```
https://example.org/ar/eyeday?src=ar-wall
```

ही ४१ चिन्हं, आणि २९ बाय २९ च्या कोडात ४२ पर्यंत मावतात. म्हणजे मूळ कोडाएवढाच कोड, तितकेच मोठे चौकोन, काचेपलीकडून तितक्याच सहज वाचता येणारा. शेवटचं `ar-wall` अरबी पोस्टरवरून आलेल्यांची वेगळी मोजणी करण्यासाठी.

## काय केलं आणि कुठे चुकलं

अनुवादिकेने दुरुस्त मजकूर एका तक्त्यात दिला. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अरबी, नंबर स्वतंत्र चौकटीत. मी एकेक ओळ उचलून मांडणीत टाकली, पीडीएफ केली, तिला दाखवली. तिने शब्द, मात्रा, जोडणी बारकाईने पाहिली आणि होकार दिला. नंबर तिने पाहिला नाही, कारण तिच्या तक्त्यात तो बरोबर होता. मी पाहिला नाही, कारण आकडे तेच होते. समन्वयक बाईंनी चाळीस प्रती काढून लावल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "अहो, नंबर उलटा आलाय का बघा बरं." पोस्टरवर हे छापलं होतं:

```
0147 555 202 1+
```

आकडे सगळे आहेत, प्रत्येक गटातला क्रमही बरोबर आहे, पण गट मागून पुढे आले आहेत आणि अधिकचं चिन्ह उजव्या टोकाला गेलंय. अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात, मग हे चालेल असं कुणाला वाटेल. चालत नाही. अरबी वाचकही नंबर डावीकडूनच वाचतो आणि लावतो. ओळ उजवीकडून वाचत नंबरापाशी आला की त्याची नजर नंबरच्या डाव्या टोकाला उडी मारते आणि तिथून उजवीकडे सरकते. आमच्या पोस्टरवरून त्याने 0147 पासून सुरुवात केली असती.

हे का होतं ते नीट समजून घ्यायला मला संध्याकाळ लागली. दोन दिशांचा मजकूर कसा मांडायचा याचा युनिकोडचा ठरलेला नियम आहे. त्यात अक्षरांना स्वतःची पक्की दिशा असते, अरबी उजवीकडून, रोमन डावीकडून. आकड्यांची दिशा कच्ची. एका गटातले आकडे एकमेकांना धरून डावीकडून उजवीकडेच राहतात. पण मधली जागा आणि अधिकचं चिन्ह यांना स्वतःची दिशाच नसते, ती आजूबाजूच्या मजकुराची घेतात. मजकूर अरबी असला की नंबरमधल्या प्रत्येक मोकळ्या जागेशी गट तुटतो आणि गट उजवीकडून डावीकडे रचले जातात. तक्त्यात नंबर वेगळ्या, डावीकडून सुरू होणाऱ्या चौकटीत होता, म्हणून तिथे बरोबर दिसला. मी तो अरबी ओळीच्या शेपटीला जोडला आणि तो उलटला. आकडे एकही न बदलता.

पहिला उपाय म्हणून मी मोकळ्या जागांऐवजी आडव्या रेघा टाकल्या. 202-555-0147 तर एकसंध राहील ना! नाही राहिला. अरबी अक्षरांच्या मागून येणारे आकडे हा नियम अरबी आकड्यांसारखे धरतो, आणि मग रेघ त्यांना जोडत नाही. हिब्रू मजकुरात हीच युक्ती चालते, त्यामुळे 'उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या भाषांत चालतं' म्हणून ती पसरलेली दिसते. ठिपका जोडतो. न तुटणारी मोकळी जागा, `U+00A0`, हीसुद्धा जोडते, आणि तिच्यामुळे नंबर दोन ओळींतही फुटत नाही. पण अधिकचं चिन्ह दोन्हीत उजवीकडेच राहतं.

पक्का उपाय म्हणजे नंबरला स्वतःची दिशा देणं. साध्या मजकुरात नंबराआधी न दिसणारं `U+200E` हे चिन्ह टाकलं की पुढचा सगळा नंबर डावीकडून लागतो. त्याहून नेटकं म्हणजे नंबर `U+2066` आणि `U+2069` यांच्या मध्ये बंद करणं, पण जुन्या सॉफ्टवेअरला ही चिन्हं कळतीलच असं नाही. वेबपानावर:

```
<bdi dir="ltr">+1 202 555 0147</bdi>
```

पोस्टरवर मी यातलं काहीच केलं नाही. नंबरला वेगळी टेक्स्ट चौकट दिली, तिची दिशा डावीकडून ठेवली आणि अरबी ओळीच्या खाली स्वतंत्र ओळीत मोठ्या अक्षरांत बसवला. न दिसणारी चिन्हं एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात कॉपी करताना गळून पडतात, आणि गळली तरी दिसत नाहीत. चौकट गळत नाही.

वेबपत्त्याला हा त्रास कमी, कारण त्यात रोमन अक्षरं असतात आणि मधले ठिपके नि तिरक्या रेघा त्यांना धरून राहतात. टोकाची तिरकी रेघ मात्र घसरते. `example.org/ar/` असं अरबी ओळीत लिहिलं की शेवटची रेघ डाव्या टोकाला, पत्त्याच्या आधी जाऊन बसते. छापायचा पत्ता `example.org/ar` एवढाच ठेवला, तोही वेगळ्या चौकटीत, शब्द तोडण्याची सोय बंद करून.

याच फेरीत आणखी एक गोष्ट सापडली, नशिबाने छपाईच्या आधी. मांडणी उजवीकडून सुरू करायची म्हणून मी सगळा आराखडा आडवा उलटवला होता आणि मग चित्रं, मजकूर एकेक सरळ केले होते. दुरुस्तीच्या वेळी तेच पुन्हा केलं आणि क्यूआर कोड सरळ करायचा राहिला. आरशात दिसावा तसा. माझ्या फोनने तो बिनतक्रार वाचला. काही अ‍ॅप उलटा कोड वाचतात. समन्वयक बाईंच्या जुन्या फोनला तो कोड आहे हेच कळेना. हे डोळ्यांनी ओळखता येतं. सरळ कोडाला तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात आणि खालचा उजवा कोपरा रिकामा असतो. आमच्या कोडात खालचा डावा रिकामा होता.

## निकाल

चाळीसही प्रती उतरवून नव्या लावल्या. उलटा नंबर तीन दिवस भिंतीवर होता. तेवढ्या वेळात किती जणांनी तो लावून पाहिला हे कळायला मार्ग नाही, न लागलेल्या फोनची नोंद संस्थेकडे येत नाही. नव्या प्रतींनंतर `ar-wall` वरून अरबी पानावर लोक येऊ लागले, आणि 'Arabic' म्हणून दुभाषा मागणारे फोनही. अरबी पान उघडूनही काही जण फोनच करतात, असं रिसेप्शनवरून कळलं. तिथल्या बाई सांगत होत्या की मुलगा किंवा सून कोड स्कॅन करते, पण वेळ ठरवायला आजोबांना माणसाशीच बोलायचं असतं.

इंग्रजी पोस्टरही मग नव्याने छापलं, पत्ता एका ओळीत घेऊन. वेबसाइटवाल्याने रेघेचा चुकीचा पत्तासुद्धा बरोबर पानाकडे वळवून दिला, कारण जुनी पोस्टरं सगळीच्या सगळी उतरतील याची खात्री नव्हती.

## पुन्हा करायचं झालं तर

अनुवादाला मजकूर पाठवण्याआधीच नंबर, पत्ता आणि कोडातला मजकूर एका कागदावर लिहून संस्थेकडून सही घेईन. इथे ते अनुवाद चालू असताना झालं, आणि अनुवादिकेचा मसुदा दोनदा बदलला.

पीडीएफ तपासताना नंबर दोघांनी पाहायचा, एकाने पोस्टरवरून मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने मूळ कागदावरून. किंवा सरळ छापील प्रत समोर धरून फोन लावायचा. अनुवादिका भाषा पाहते, मांडणीवाला मांडणी पाहतो, आणि नंबर दोघांच्या मधल्या जागेत पडतो. आता मी पहिली प्रत छापली की तिच्यावरून फोन लावतो, पत्ता टाइप करतो आणि कोड तीन वेगवेगळ्या फोनांवर स्कॅन करतो. त्यातला एक मुद्दाम जुना, समन्वयक बाईंनी नंतर मला देऊन टाकलेला.

मेसेजची ओळ काढल्याबद्दल अनुवादिका अजूनही अधूनमधून टोचते. ती यंत्रणा पुढच्या करारात बदलणार आहे म्हणे. तेव्हा 'उयून' हा शब्द आत भरून घ्यायचा आणि ओळ परत आणायची, असं आमचं ठरलंय. पण आधी मी स्वतः अरबी कीबोर्डवरून तो शब्द पाठवून, काय उत्तर येतं ते पाहणार आहे.